फिनाईलच्या कॅनवरचा आकडा १८ की १०? जास्त म्हणजे चांगलं का?

इन्चार्ज_सिस्टर
नमस्कार मंडळी. मी ३० खाटांच्या मेडिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. पुढच्या वर्षासाठी जंतुनाशक कोणतं मागवायचं याचा कागद माझ्याकडे आलाय. समोर तीन कॅन आहेत. पहिला काळं फिनाईल, त्यावर लिहिलंय "आर. डब्ल्यू. गुणांक १८". दुसरा बिनवासाचा, "क्वाट" म्हणतात तो, त्यावर "९९.९९ टक्के जंतू मारतो". तिसरा ५ टक्के हायपोक्लोराईट, त्यावर शक्तीचा काहीच आकडा नाही. स्टोअरचं म्हणणं सरळ आहे, ज्याचा आकडा मोठा तो घ्या. पण १८ आणि ९९.९९ यांची तुलना करायची कशी?

हे लिहायला बसले त्याला कारण दोन गोष्टी घडल्या. शेजारशेजारच्या दोन खाटांवरच्या पेशंटना एकापाठोपाठ जुलाब लागले. आणि नवीन मावशींनी ड्रेसिंगची ट्रॉली जखमेच्या आयोडिनने पुसली. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाई, तेपण जंतुनाशकच ना?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे. अँटिसेप्टिकला पूतिरोधक वगैरे शब्द पुस्तकात असेल, वॉर्डात कुणी म्हणत नाही.

रसायनवाला
ताई, यात अवघड काही नाही. मी बारा वर्षं हाच माल बनवतोय. गुणांक म्हणजे फिनॉलच्या किती पट ताकद. १८ म्हणजे अठरा पट, १० म्हणजे दहा पट. १८ वाला जास्त पाण्यात मिसळा, तेवढंच काम करेल, कॅन जास्त दिवस पुरेल. स्टोअरवाले बरोबर बोलतायत. क्वाटवाले गुणांक छापत नाहीत, कारण छापण्यासारखं काही नसतं :)

निर्मळ
वाचतोय. आमच्याकडे सगळ्यावर एकच उपाय, स्पिरिट. आणि ७० टक्केवालं नाही, शुद्ध ९९ टक्के. कशाला पाणी मिसळलेलं घ्यायचं?

जुना_जंतुशास्त्री
रसायनवाले, तुम्ही म्हणता ते निम्मं खरं आहे, आणि त्या निम्म्याच्या जोरावरच स्टोअर चुकीचा कॅन मागवतं. तो १८ कुठून येतो ते सांगतो. मी नोकरीच्या सुरुवातीला हातांनी ही चाचणी पुष्कळ केली आहे.

रिडील आणि वॉकर या दोघांनी १९०३ मध्ये ती बसवली. विषमज्वराच्या जंतूंचं एक दिवस वाढवलेलं ब्रॉथ घ्यायचं. एका नळीत फिनॉलचं ठरलेलं द्रावण, बाकीच्या नळ्यांत आपल्या मालाची वेगवेगळी पातळ द्रावणं. प्रत्येकीत जंतू टाकायचे आणि अडीच, पाच, साडेसात आणि दहा मिनिटांनी लूपने एकेक थेंब उचलून ताज्या ब्रॉथमध्ये सोडायचा. हात अर्ध्या मिनिटाच्या तालावर चालतो, मध्ये शिंक आली की पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवसांनी बघायचं, कुठलं ब्रॉथ गढूळ झालं, म्हणजे कुठे जंतू जगले. समजा फिनॉलचं १०० पट पातळ द्रावण पाच मिनिटांत मारू शकलं नाही पण साडेसातमध्ये मारलं, आणि तुमच्या मालाचं १८०० पट पातळ द्रावणही तसंच वागलं, तर १८०० भागिले १०० म्हणजे १८. झाला तुमचा आकडा.

आता त्या नळीत काय नव्हतं ते बघा. घाण नव्हती. रक्त, थुंकी, विष्ठा, साबणाचा अंश, पोछा, यातलं काहीच नव्हतं. जंतू एकच, आणि तोही तसा लवकर मरणारा. त्यामुळे पाच वर्षांतच, १९०८ मध्ये, हॅरिएट चिक आणि मार्टिन यांनी नळीत वाळवलेली विष्ठा घालून अर्ध्या तासाची चाचणी काढली. पुढे विष्ठेऐवजी यीस्ट वापरायला लागले, करणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. स्वच्छ नळीत दिमाखाने चालणारे बरेच माल तिथे खाली घसरले. कॅनवर मात्र रिडील-वॉकरचा आकडा छापतात. मोठा दिसतो म्हणून.

निर्मळ, तुमच्या ९९ टक्क्यांकडे नंतर येतो.

रसायनवाला
सर, चिक-मार्टिन आम्हीही करतो. पण तुलना तर तुलना. घाणीत दोन्ही माल घसरतील, क्रम तोच राहील ना?

जुना_जंतुशास्त्री
क्रम तोच राहत नाही, हीच तर मेख आहे. पातळ केल्यावर प्रत्येक रसायन वेगळ्या चालीने दुबळं होतं. फिनॉलचं द्रावण निम्म्या ताकदीचं केलं तर जंतू मारायला दुप्पट वेळ लागेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो सुमारे ६४ पट लागतो. दोनाचा सहावा घात. क्वाट निम्मं केलं तर साधारण दुप्पट. हायपोक्लोराईटचंही जवळपास तसंच. अल्कोहोलची चाल सगळ्यांत तीव्र, दोनाचा दहावा घात म्हणजे हजार पट. आकडे ढोबळ आहेत, पण चाल हीच.

हे वॉर्डात आणून बघा. बादलीत एक झाकण फिनाईल घालायचं ठरलंय. मावशी घाईत आहेत, झाकण अर्धं भरलं. जे काम दहा मिनिटांत व्हायचं त्याला आता ६४० मिनिटं हवीत, म्हणजे साडेदहा तासांच्या वर. फरशी तर पाच मिनिटांत वाळते. वास मात्र तोच येतो आणि राउंडला आलेले डॉक्टर "छान स्वच्छ आहे" म्हणून जातात. हीच चूक क्वाटच्या बाबतीत झाली तर दहाऐवजी वीस मिनिटं. तेही वाईटच, पण सर्वनाश नाही.

तेव्हा एका ठरावीक पातळपणाला, साडेसात मिनिटांना मोजलेला १८ हा आकडा दुसऱ्या पातळपणाला १८ राहीलच असं नाही. फिनॉलच्याच कुळातल्या दोन मालांची तुलना करायला तो एके काळी ठीक होता. वेगळ्या कुळातल्या रसायनाला लावणं म्हणजे दूध आणि कापड एकाच पट्टीने मोजणं.

निर्मळ
सर, मी वाट बघतोय ९९ टक्क्यांची.

जुना_जंतुशास्त्री
अल्कोहोल जंतूची प्रथिनं गोठवून मारतं, आणि ते नीट व्हायला पाणी लागतं. शुद्ध अल्कोहोल पेशीतलं पाणी ओढून घेतं, जंतू सुकतो, पण सगळेच मरत नाहीत. त्यात ते इतकं पटकन उडतं की पृष्ठभाग ओला राहतच नाही. म्हणून ६० ते ८० टक्क्यांच्या मधलं. तुम्ही जास्त ताकदीचं घेऊन कमी काम करून घेताय. आणि मोठ्या जागेवर स्पिरिट फवारू नका, पेटतं ते.

निर्मळ
बरं. घरी बायको हेच सांगत होती, म्हटलं इथे कुणीतरी माझी बाजू घेईल.

भटारखाना
मी ४०० माणसांचं कँटीन चालवतो. सिस्टरांचा धागा पळवायचा नाही, पण क्वाट नाव वाचून राहवलं नाही. आमच्याकडे तेच वापरायचो, "पाच लॉग" असं पत्रकात होतं. तरी ओटा पुसून स्वॅब घेतले की वाढ यायची. महिनाभर पुरवठादाराशी भांडलो. त्याचा माल चोख निघाला. घोळ आमच्या सुती फडक्यात होता. फडकं सकाळी बादलीत बुडवायचं आणि दिवसभर तेच. क्वाट सुताला चिकटून बसतं, पाण्यात उरतच नाही. वर आमची पोरं बादलीत भांड्यांच्या साबणाची पिचकारी मारायची, "दोन्ही एकदम होईल" म्हणून.

मला विचारायचंय, हे पाच लॉग म्हणजे नेमकं काय? पुरवठादार म्हणतो ९९.९ पेक्षा खूप जास्त. मला तर ९९.९ आणि ९९.९९९ यात दशांशांचाच फरक दिसतो.

इन्चार्ज_सिस्टर
पळवा हो. आमच्या वॉर्डाच्या पँट्रीतही तोच प्रश्न आहे.

सूक्ष्मा
भटारखाना, मी अन्नप्रक्रियेच्या लॅबमध्ये काम करते. टक्केवारी डोळ्याला फसवते, उरलेले मोजा. बोर्डवर १० लाख जंतू आहेत असं धरा. ९९.९ टक्के मेले तर १००० उरले. ९९.९९९ टक्के मेले तर १० उरले. एक लॉग म्हणजे दहापट कमी, तीन लॉग आणि पाच लॉग यात हा फरक. आता उरलेले १००० ओल्या, उबदार बोर्डवर दर वीस मिनिटांना दुप्पट होत गेले तर दहा दुपटी म्हणजे तीन तास वीस मिनिटांत परत १० लाख. उरलेले १० असतील तर तिथवर पोचायला साडेपाच तास लागतील. तुमच्या दोन जेवणांच्या मधलं अंतर बघा म्हणजे कळेल.

पत्रकातले पाच लॉग युरोपातल्या ईएन १२७६ चाचणीचे असणार. त्यात पाच मिनिटांत पाच लॉग लागतात. पण पत्रकात बारीक अक्षरात "क्लीन कंडिशन्स" की "डर्टी कंडिशन्स" ते बघा. फरक प्रथिनाचा आहे, लिटरला ०.३ ग्रॅम की ३ ग्रॅम. दहा पट! क्लीनवाला माल घेतला असेल तर आधी साबणाने घासून, साबण पूर्ण धुऊन मगच तो लावायचा. आणि ही नळीतलीच चाचणी आहे. पृष्ठभागावर सुकवलेल्या जंतूंची चाचणी वेगळी असते, तिथे आकडा गाठणं जड जातं.

साबण आणि क्वाट एकत्र करू नका ते यासाठीच. साबण ऋणभारी, क्वाट धनभारी. दोघं एकमेकांना मिठी मारतात आणि दोघंही कामातून जातात.

भटारखाना
पत्रक काढून बघितलं. क्लीन कंडिशन्स. बारीक अक्षरात. म्हणजे त्याने खोटं सांगितलं नव्हतं, मी वाचलं नव्हतं.

ओवी
माफ करा, मध्येच विचारते. माझ्या सासूबाईंना बेडसोअर झालाय. वर वाचलं की हायपोक्लोराईट पातळ केलं तरी फार दुबळं होत नाही. घरात फरशीसाठी आणलेलं आहे. पातळ करून जखम धुतली तर चालेल का? आयोडिन लावतोच आहोत, पण भरून येत नाही. कुणीतरी सांगितलं आयोडिन पातळ करू नका, ताकद जाते.

इन्चार्ज_सिस्टर
ओवी, अजिबात नको! फरशीचं ब्लीच जखमेला लावायचं नाही. जखमेसाठी क्लोरीनची वेगळी, फार सौम्य, मोजून बनवलेली द्रावणं असतात, तीसुद्धा जखम बघितलेल्या माणसाने सांगितली तरच. बेडसोअर भरत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा दाब असतं. दर दोन तासांनी कूस बदलताय का? जखमेत काळा किंवा पिवळा मेलेला थर आहे का? तसा असेल तर वर काहीही लावलं तरी खाली पोचत नाही. नर्स किंवा डॉक्टरला घरी बोलावून दाखवा.

जुना_जंतुशास्त्री
ओवी, सिस्टर म्हणतात तेच करा. पण तुमच्या प्रश्नातूनच मावशींच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. अँटिसेप्टिक म्हणजे पातळ केलेलं फिनाईल नव्हे, जरी लिस्टरने १८६० च्या दशकात कार्बोलिक, म्हणजे फिनॉलच, अक्षरशः जखमेवर वापरलं होतं. जिवंत कातडीवर लावायचं तर जंतू मरावा आणि शेजारची पेशी जगावी एवढी फट रसायनात असावी लागते. ट्रॉलीला पेशी नाहीत, तिथे ती अट नाही. तिथे अटी वेगळ्या, धातू गंजू नये, डाग पडू नये, वाळल्यावर चिकट थर राहू नये. आयोडिनने पुसलेल्या ट्रॉलीवर पिवळे ओघळ राहिले असतील.

आयोडिनची गंमत अशी की ते पातळ केल्यावर थोडा वेळ उलट चालतं. १० टक्के पोव्हिडोन आयोडिनमध्ये बहुतेक आयोडिन पोव्हिडोनला बांधलेलं असतं आणि मारतं फक्त सुटं. पाणी घातलं की काही मर्यादेपर्यंत सुटं आयोडिन वाढतं. पण साठा कमी झाल्याने रक्त किंवा पू समोर आला की ते लवकर संपतं. म्हणून घरच्या घरी पातळ करत बसू नका.

बाटलीतली अँटिसेप्टिक निर्जंतुक असतात हाही गैरसमज आहे. सेट्रिमाईड या क्वाटच्या पातळ द्रावणात स्यूडोमोनास हा जंतू वाढलेला सापडला आहे, बाटलीचं बूच कॉर्कचं होतं आणि कॉर्क त्या द्रावणाची ताकद शोषून घ्यायचं. फडक्याची गोष्ट आणि बुचाची गोष्ट एकच.

रसायनवाला
सर, मान्य. पण मग सिस्टरांनी करायचं काय? प्रत्येक वॉर्डाने लॅब उघडायची का?

इन्चार्ज_सिस्टर
हेच विचारायला आले होते. मला माझ्या बादलीत काय चाललंय ते कळायला हवं, नळीत काय झालं ते नको. आमच्याकडे मायक्रोबायोलॉजी आहे, तिथली मॅडम मदत करायला तयार आहे.

जुना_जंतुशास्त्री
छान. मग बादलीचीच परीक्षा घ्या. केल्सी आणि मॉरर यांनी १९६० च्या दशकात दिलेली पद्धत आहे, अजूनही मला ती सगळ्यात प्रामाणिक वाटते. पोछा चालू असताना मधल्या वेळी बादलीतलं १ मिली उचला आणि ९ मिली द्रवात घाला. त्यात जंतुनाशकाची ताकद मारणारं काहीतरी हवं. क्वाटसाठी लेसिथिन आणि ट्वीन ८०, हायपोक्लोराईटसाठी सोडियम थायोसल्फेट. फिनाईलला वेगळं लागत नाही, कारण दहा पट पातळ झालं की सहाव्या घाताने ते तसंही आडवं होतं. मग दोन अगार प्लेटवर प्रत्येकी दहा थेंब, थेंब ०.०२ मिलीचा. एक प्लेट ३७ अंशाला तीन दिवस, दुसरी खोलीच्या तापमानाला सात दिवस. कुठल्याही प्लेटवर पाचापेक्षा जास्त वसाहती आल्या तर बादली नापास. पाच वसाहती म्हणजे बादलीत मिलीला साधारण २५० जंतू. तेवढे जगत असतील तर तुम्ही फरशी पुसत नाही, लावणी करताय.

ताकद मारण्याची पायरी गाळू नका. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये मर्क्युरिक क्लोराईडने अँथ्रॅक्सचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूंची चिवट, झोपलेली रूपं, झटपट मरतात असं लिहिलं होतं. १८८९ मध्ये गेपर्टने उरलेला पारा अमोनियम सल्फाईडने बांधून टाकला, आणि मेलेले बीजाणू उठून बसले. ते मेलेच नव्हते, ज्या रेशमी धाग्यावर ते सुकवले होते त्याच्याबरोबर आलेल्या पाऱ्यामुळे नुसते वाढत नव्हते. प्लेट कोरी दिसली म्हणजे जंतू मेले, असं नसतं.

इन्चार्ज_सिस्टर
(बारा दिवसांनी) आले बघा निकाल घेऊन.

तिन्ही रसायनं दोन-दोन दिवस वापरली. नमुना तीन वेळा घेतला, बादली भरल्यावर लगेच, दहा खाटांनंतर आणि तीस खाटांनंतर. मावशींना आधी सांगितलं नव्हतं. क्वाट आणि फिनाईलच्या बादल्यांची ताकद त्यांच्या नेहमीच्या अंदाजाची.

क्वाट, भरल्यावर शून्य वसाहती. दहा खाटांनंतर २. तीस खाटांनंतर मोजता येईनात, प्लेटभर.
फिनाईल, पहिल्या दिवशी तिन्ही वेळा पास. दुसऱ्या दिवशी दहा खाटांनंतरच १४.
हायपोक्लोराईट, पहिले दोन पास, तीस खाटांनंतर पहिल्या दिवशी ३ आणि दुसऱ्या दिवशी ९.

फिनाईलचं कोडं लगेच सुटलं. पहिल्या दिवशी जुन्या मावशी होत्या, त्या मापाने घालतात. दुसऱ्या दिवशी नवीन मावशी, त्या पाणी दुधाळ दिसेपर्यंत. दुधाळ तर ते अर्ध्या मापानेही होतं! सरांचे ६४ पट मी डोळ्यांनी पाहिले.

क्वाटच्या बादलीत काय झालं ते बादली बघूनच कळलं. पोछा सुती, बाथरूममधून परत वॉर्डात, वर पाणी कमी झालं की नुसतं पाणी ओतायचं. रसायन वाढवत नाहीत, पाणी वाढवतात.

भटारखाना
आमचं फडकं मोठं होऊन तुमच्याकडे नोकरीला लागलंय :D

सूक्ष्मा
हायपोक्लोराईट कोणत्या ताकदीचं केलं होतं? आणि कॅन किती जुना?

इन्चार्ज_सिस्टर
०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम. ५ टक्क्यांच्या कॅनमधलं २०० मिली, पाणी घालून १० लिटर. कॅन चार महिन्यांचा, खिडकीखाली ठेवलेला.

सूक्ष्मा
खिडकीखाली! मग कॅनमध्ये ५ टक्के उरलेच नसतील. ऊन आणि उष्णता दोन्ही क्लोरीन उडवतात. क्लोरीनच्या पट्ट्या मिळतात, बादलीत बुडवून रंग बघायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. हायपोक्लोराईटच्या कॅनवर शक्तीचा आकडा नाही म्हणून तुम्हाला तो मुका वाटला होता, पण बादलीतली ताकद जागेवर मोजता येणारं तुमच्या तिघांत सगळ्यात सोपं तेच आहे. अंधारात ठेवा, बादली रोज ताजी करा.

भटारखाना, तुमच्या ओट्यासाठी आणि चिरायच्या बोर्डसाठी १००० नको, धुतलेल्या बोर्डवर २०० पीपीएम पुरतं. त्याच कॅनचे ४० मिली १० लिटरला. पण उलट्या-जुलाबाची साथ असेल तर नोरोव्हायरसला २०० कमी पडतं, तिथे १००० किंवा वर जा आणि नंतर बोर्ड पाण्याने धुवा. फिनाईल मात्र स्वयंपाकघराच्या दारातही नको. वास अन्नात उतरतो.

सिझर
मी इन्फेक्शन कंट्रोल बघतो. सिस्टर, जुलाबाच्या दोन पेशंटचा स्टूल सी. डिफिसिल या जुलाबाच्या जंतूसाठी गेला का? गेला नसेल तर पाठवा. त्याचे बीजाणू फिनाईलला दाद देत नाहीत, क्वाटला नाही, हाताच्या सॅनिटायझरलाही नाही. त्या दोन खाटांपाशी साबण-पाण्याने हात आणि हायपोक्लोराईट, निदान १००० पीपीएम, कॅनवर लिहिलाय तेवढा वेळ ओलं ठेवून. म्हणजे तीन कॅनमधला एकच तिथे चालतो, आणि नेमका त्याच्यावरच शक्तीचा आकडा नाही.

एक सावधगिरी. लघवी मोठ्या प्रमाणात सांडली असेल तर त्यावर थेट तीव्र क्लोरीन ओतू नका, वायू सुटतो. आधी टिपून घ्या. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर तर कधीच नाही. आणि नवजात बाळांचा कक्ष असेल तर फिनॉलवाले माल तिथून बाहेर. त्यांच्या वापरानंतर बाळांमध्ये कावीळ वाढल्याचं दिसलं आहे.

बाकी माझं मत विचाराल तर वॉर्डाच्या फरशीला रोज जंतुनाशक लागतच नाही. साबण-पाणी पुरे. फरशी तासाभरात पुन्हा मळते. तो वेळ खाटेचे कठडे, बेल, लॉकर, दाराच्या मुठी यांना द्या.

जुना_जंतुशास्त्री
सिझर, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. फरशीवर पडलेली वस्तू पेशंट उचलतो, चपला खाटेवर येतात, व्हीलचेअरची चाकं हाताने फिरवतात. आणि साबणाच्या पाण्याची बादली तीस खाटांनंतर कशी असेल ते त्याच प्लेटवर बघा. जंतू तुम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचवताय.

सिझर
सर, तो प्रश्न बादली बदलण्याचा आहे, रसायनाचा नाही. दर सहा खाटांनी पोछा बदला, एकदा वापरलेला परत बादलीत नाही. मग साबणही चालेल.

जुना_जंतुशास्त्री
आणि तेवढे पोछे धुणार कोण?

रसायनवाला
मी एवढंच म्हणेन की आमच्या कॅनवर माप लिहिलेलं असतं. दुधाळ होईपर्यंत घाला असं कुठेही लिहिलेलं नाही. पण हेही खरं की मी आजवर १८ हा आकडा दाखवूनच माल विकला. चिक-मार्टिनचा आकडा कुणी मागितला नाही, मीही दाखवला नाही.

इन्चार्ज_सिस्टर
सध्यापुरतं असं ठरलंय. त्या दोन खाटा, बाथरूम आणि रक्त सांडल्यावर हायपोक्लोराईट. रक्ताला टिपून घेऊन १ टक्का, म्हणजे एक भाग कॅनमधलं आणि चार भाग पाणी. कॅन अंधाऱ्या कपाटात, पट्ट्या मागवल्यात. कठडे, लॉकर, ट्रॉलीला क्वाट, पण बादली नाही, बाटलीतून थेट एकदा वापरायच्या कोरड्या फडक्यावर, आणि ते फडकं क्वाट न शोषणाऱ्या कापडाचं. फरशीचं सिझर आणि सरांमध्ये अजून चाललंय, तोवर मी सहा खाटांनी पाणी बदलायला सांगितलं आहे. फिनाईल स्टोअरला परत. स्टोअरने कागदावर विचारलं, "१८ गुणांकाचा माल नाकारण्याचे कारण?" मी प्लेटचा फोटो जोडला.

स्टूल पाठवलाय, एकाचा पॉझिटिव्ह आला, दुसऱ्याचा निगेटिव्ह. तेव्हा दुसऱ्याला कशाने झालं ते अजून माहीत नाही.

ओवी
सिस्टर, कूस बदलायचं सुरू केलं. नर्स येऊन गेल्या, वरचा काळा थर काढला. फरशीचं ब्लीच मी बाथरूममध्ये ठेवून दिलंय, ॲसिडच्या बाटलीशेजारी होतं ते आधी हलवलं.

इन्चार्ज_सिस्टर
ओवी, खिडकीखाली नाही ना?

ओवी
…आता हलवते.